ओळखीचा माणूस दाराबाहेर

निवडणुकीच्या कामाला लावलेल्या कर्मचाऱ्यांत दोन जाती असतात. दोघांचीही नेमणूक सरकारी आदेशाने होते आणि दोघेही बहुतेक वेळा शिक्षक, ग्रामसेवक, लिपिक किंवा अंगणवाडी सेविका असतात. पण त्यांची निवड अगदी उलट्या कसोटीवर केलेली असते. मतदार यादीचे काम करणारा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला बीएलओ, त्याच भागातला, घरटी माणसे ओळखणारा असावा लागतो. मतदानाच्या दिवशी शाळेच्या खोलीत टेबल मांडून बसणारे पथक मात्र शक्यतो त्या मतदारसंघात राहणारे, नोकरी करणारे किंवा मूळचे तिथले नसावे लागते. एकाने सगळ्यांना ओळखायचे आणि दुसऱ्याने कोणालाच नाही. कर्मचाऱ्यांनी निःपक्षपाती राहावे असे परिपत्रकात लिहून कोणी निःपक्षपाती होत नाही, हे यंत्रणा चालवणाऱ्यांना पक्के ठाऊक आहे. म्हणून ओळख कुठे वापरायची आणि कुठे दाराबाहेर ठेवायची, याचीच मांडणी केलेली आहे.

आधी यादीकडे पाहू. लोकसभा आणि विधानसभेची यादी 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली तयार होते. विधानसभा मतदारसंघाला एक मतदार नोंदणी अधिकारी असतो. आपल्याकडे तो साधारणपणे उपजिल्हाधिकारी दर्जाचा, तर तहसीलदार त्याचा सहायक. यादीचे भाग पाडलेले असतात, एका भागाला एक मतदान केंद्र आणि एक बीएलओ. नवे नाव नमुना 6 ने येते, नाव वगळण्याची मागणी किंवा हरकत नमुना 7 ने आणि दुरुस्ती किंवा स्थलांतर नमुना 8 ने. अठरा वर्षे पूर्ण होण्याची अर्हता तारीख पूर्वी वर्षात एकच होती, 1 जानेवारी. 2022 पासून 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर या तीन तारखा तिच्यात भरल्या. प्रारूप यादी लागते, दावे-हरकती येतात, त्यांचा निपटारा होतो आणि अंतिम यादी प्रसिद्ध होते. कागदावर हे सगळे सरळ आहे. अवघडपणा सुरू होतो तो कुलूप लागलेल्या दारापाशी.

बीड जिल्ह्यातला एखादा तांडा किंवा वाडी घ्या. दिवाळी उलटली की कोयता घेऊन जोड्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. यादीच्या वार्षिक पुनरीक्षणाची धावपळ नेमकी बहुतेक वेळा हिवाळ्यात असते. बीएलओ दारोदार फिरतो तेव्हा दहा-दहा घरांना कुलूप, ओसरीवर एखादी म्हातारी आणि शाळेत न गेलेली दोन पोरे. त्याच्या हातातल्या तक्त्यात ‘गैरहजर’ आणि ‘स्थलांतरित’ असे रकाने आहेत. तिथे एक खूण केली की पुढच्या टप्प्यावर अख्खे कुटुंब वगळणीच्या यादीत सरकू शकते.

कायदा इथे संदिग्ध नाही. त्याच्या कलम 20 मध्ये ‘सर्वसाधारण रहिवासी’ कोण हे सांगताना, तात्पुरता बाहेर गेलेला माणूस तेवढ्यामुळे रहिवासी उरत नाही असे होत नाही, हे स्पष्ट लिहिलेले आहे. ऊसतोडीचा हंगाम हे तात्पुरते जाणेच आहे. घर आहे, रेशनकार्ड आहे, जूनमध्ये पेरणी तिथेच होणार आहे. म्हणजे या कुटुंबाचे नाव तिथेच राहिले पाहिजे. उलट त्याच वाडीतला एखादा जण सहा वर्षांपूर्वी भोसरीत कामाला लागला, बायकामुलांसह तिथेच राहतो, मुले तिथल्या शाळेत आहेत आणि गावी फक्त जत्रेला येतो. तोही कुलूपबंद घराचाच मालक आहे, पण तो सर्वसाधारण रहिवासी भोसरीचा. त्याने नमुना 8 भरून नाव तिकडे न्यायला हवे. दोन्ही दारांवरचे कुलूप सारखेच दिसते, त्यामागची गोष्ट वेगळी असते. ती कळण्यासाठी गावचाच माणूस लागतो. बाहेरच्या माणसाला दोन्हीकडे फक्त कुलूपच दिसले असते.

आणि अडचण इथेच आहे. जो ओळखतो त्याचे भावकीतही कोणीतरी असते. सरपंचपदाची निवडणूक चुरशीची झालेली असते, बांधाचा वाद चालू असतो. बीएलओने कोणाचे नाव खोडायचे ठरवले असेल तर त्याला खोटे काही लिहावेही लागत नाही. एका कुलपाजवळ शेजाऱ्याला विचारायचे आणि दुसऱ्याजवळ विचारायचे नाही, एवढे पुरते. यादीतला पक्षपात बहुधा असाच असतो. कुठे किती चौकशी केली, यातल्या फरकात तो लपलेला असतो.

म्हणूनच नाव वगळण्याचा अधिकार बीएलओला दिलेलाच नाही. तो अहवाल देतो. निर्णय नोंदणी अधिकारी घेतो आणि तोही नोटीस देऊन, म्हणणे ऐकून. 1995 साली लाल बाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्याचे नाव आधीपासून यादीत आहे ते नीट पडताळूनच घातलेले होते असे गृहीत धरायचे, आणि ते काढायचे असेल तर अधिकाऱ्याने न्यायाधीशासारखी चौकशी करायची. पोलिसांच्या किंवा कोणाच्या अहवालावर शिक्का मारून मोकळे व्हायचे नाही. ऊसतोड्याच्या बाबतीत याचा व्यावहारिक अर्थ असा की कुलपाला चिकटवलेली नोटीस जानेवारीत त्याच्यापर्यंत पोचतच नाही. नोटीस निघाली, मुदत गेली, कोणी आले नाही, सबब नाव कमी, हा क्रम कागदावर निर्दोष दिसतो. चांगला बीएलओ अशा वेळी मुकादमाचा फोन नंबर शोधतो, म्हातारीचा जबाब घेतो, शेजारच्या दोन घरांच्या सह्यांनिशी पंचनामा करतो आणि अहवालात ‘हंगामी, परतणार’ असे लिहितो. आळशी बीएलओ फक्त खूण करतो. पक्षपाती बीएलओही तेच करतो. बाहेरून दोघे सारखेच दिसतात, हे या खात्याचे जुने दुखणे.

मग ओळखायचे कसे? नोंदणी अधिकाऱ्याजवळ एक हत्यार असते, ते म्हणजे गठ्ठ्याचा आकार. नमुना 7 ने हरकत घेणारा त्याच मतदारसंघाचा मतदार असावा लागतो आणि खोटे प्रतिज्ञापन केल्यास त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. राजकीय पक्षांचे केंद्रस्तरीय प्रतिनिधी अर्ज आणून देऊ शकतात, पण दिवसाला दहापेक्षा जास्त नाही. एकाच माणसाने पूर्ण मुदतीत तीसहून अधिक अर्ज दिले तर त्यांची वरिष्ठांनी स्वतः फेरपडताळणी करायची असते. एका भागात एरवी वर्षाला पंधरा-वीस वगळण्या होत असताना अचानक दीडशे आल्या, अर्जांवरचे हस्ताक्षर एकच आहे, कारणाच्या जागी सगळीकडे ‘स्थलांतरित’ एवढाच शब्द आहे आणि नावे दोनच आळ्यांतली आहेत, असे दिसले की शहाणा तहसीलदार गाडी काढून स्वतः जातो. मयत नावांचे तसे नाही. ती ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीशी ताडून पाहता येतात. वाद बहुधा जिवंत माणसांचाच असतो.

सासरी गेलेल्या मुलींचा प्रश्न याच पोटातला. माहेरचा बीएलओ लग्न झाल्याचे ऐकून नाव कमी करण्याची घाई करतो, सासरचा मात्र कागद मागत बसतो आणि मधल्या काळात ती बाई कुठल्याच यादीत नसते. नमुना 8 ने स्थलांतर केले तर जुने नाव जाणे आणि नवे येणे एकाच अर्जात होते. तरी आधी वगळायचे आणि मग बघू, ही सवय जात नाही.

या कामावर असलेला प्रत्येक जण तेवढ्या काळापुरता निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहे असे कायदा मानतो. त्याचे नियंत्रण, त्याची शिस्त आयोगाकडे जाते. यादीच्या कामात वाजवी कारणाशिवाय कर्तव्यच्युती केली तर कलम 32 खाली तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. मतदानाच्या दिवशीच्या साध्या कर्तव्यच्युतीला 1951 च्या कायद्यात पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे, म्हणजे यादीशी खेळणे कायद्याला जास्त गंभीर वाटते. मला हा क्रम बरोबर वाटतो. मतदानाच्या दिवशीची गडबड दहा माणसांसमोर होते आणि फेरमतदान घेता येते. यादीतून गेलेले नाव मतदाराला बहुधा मतदानाच्या सकाळीच कळते आणि तोवर उपाय संपलेला असतो. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरते यादीत काही घालता किंवा काढता येत नाही.

आता दुसरी जात, मतदान पथक. केंद्राध्यक्ष आणि तीन मतदान अधिकारी, जोडीला शिपाई आणि पोलीस. यांची निवड संगणकावर सरमिसळ करून तीन टप्प्यांत होते. आधी प्रशिक्षणासाठी नावे, मग मतदारसंघ आणि पथकातले जोडीदार, आणि अगदी शेवटी, साहित्य वाटपाच्या सुमारास, प्रत्यक्ष केंद्र. आपण कोणत्या गावी जाणार हे पथकाला आदल्या सकाळी कळते. त्यामुळे कोणाला आधी भेटून ठेवायचे असेल तरी भेटायचे कोणाला हेच ठरत नाही.

बस संध्याकाळी शाळेपाशी सोडते आणि निःपक्षपातीपणाची पहिली परीक्षा जेवणाच्या रूपाने येते. सरपंचांकडून निरोप असतो, ‘सर, रात्रीचं जेवण आमच्याकडं.’ निव्वळ पाहुणचार असतो, दहापैकी नऊ वेळा त्यात डाव नसतो. तरी नाही म्हणायचे असते, कारण त्या सरपंचांचा विरोधक समोरच्या पारावर बसून बघत असतो आणि सकाळी त्याचाच मतदान प्रतिनिधी खोलीत बसणार असतो. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना पैसे देऊन पिठले-भाकरी करून घ्यायची, हा अनुभवी केंद्राध्यक्षांचा तोडगा. मग भिंतीवरची पुढाऱ्यांची छायाचित्रे आणि पक्षाची दिनदर्शिका झाकायची, शंभर मीटरची रेषा आखायची आणि झोपायचे.

सकाळी मतदानाच्या दीड तास आधी अभिरूप मतदान, म्हणजे मॉक पोल. किमान दोन प्रतिनिधी हजर हवेत. नसतील तर पंधरा मिनिटे वाट पाहून सुरुवात करायची. कमीत कमी पन्नास मते, ‘नोटा’सकट सर्व बटणांवर. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही तीन बटणे याच क्रमाने दाबायची. व्हीव्हीपॅटच्या पेटीत पडलेल्या चिठ्ठ्या काढून, पाठीमागे शिक्का मारून काळ्या पाकिटात बंद करायच्या. तिसरे बटण विसरणे ही दिवसातली सर्वांत महाग चूक आहे, तिच्याकडे शेवटी येऊ.

सात वाजता दार उघडते. पहिला मतदान अधिकारी यादीची चिन्हांकित प्रत घेऊन बसलेला असतो. तो ओळखपत्र पाहतो आणि मतदाराचा अनुक्रमांक व नाव मोठ्याने वाचतो. हे मोठ्याने वाचणे प्रशिक्षणात घाईने सांगितले जाते आणि केंद्रावर सगळ्यात आधी सुटते. वास्तविक सगळी मांडणी त्याच्यावर उभी आहे. पथक परके आहे, ते कोणालाच ओळखत नाही. ओळखणारे फक्त प्रतिनिधी, आणि ते एकमेकांचे विरोधक आहेत. नाव त्यांच्या कानांवर पडले तरच ‘हा तो नव्हे’ असे कोणीतरी म्हणू शकते. बीएलओ या वेळी कुठे असतो? बाहेर, मदत कक्षात, नावे अकारविल्हे लावलेली यादी घेऊन मतदारांना भाग आणि अनुक्रमांक शोधून देत. गावाला सर्वांत जास्त ओळखणाऱ्या त्या सरकारी माणसाला आत टेबल नाही.

त्याचे ज्ञान आत येते ते कागदाच्या रूपाने. गैरहजर, स्थलांतरित आणि मयत म्हणून नोंदलेल्यांची वेगळी यादी केंद्राध्यक्षाजवळ असते. ऊसतोडीवर गेलेला आपला मतदार समजा याच यादीत अडकला आहे. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबर 2024 रोजी झाले, म्हणजे हंगामाच्या तोंडावर. कारखान्यावरून रात्रभर टेम्पोत बसून तो सकाळी रांगेत उभा राहतो. नाव मुख्य यादीत शाबूत आहे, फक्त वेगळ्या यादीतही आहे. नवखा मतदान अधिकारी म्हणतो, ‘तुमचं नाव स्थलांतरितात आहे, तुम्हाला मत देता येणार नाही.’ हे साफ चूक आहे. ती यादी अडवण्यासाठी नसून जास्त बारकाईने पाहण्यासाठी आहे. केंद्राध्यक्षाने स्वतः ओळखपत्र तपासायचे, तो या यादीतला आहे हे प्रतिनिधींना ऐकू जाईल असे सांगायचे, नोंदवहीत सहीबरोबर अंगठाही घ्यायचा आणि त्याला मत देऊ द्यायचे.

प्रतिनिधीने ओळखीवरच आक्षेप घेतला तर दोन रुपये अनामत घेऊन केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतो. आणि त्या माणसाच्या नावावर सकाळीच कोणी मत देऊन गेले असेल तर? ओळख पटल्यावर त्याला यंत्राकडे पाठवत नाहीत. नमुना 17 बी मध्ये सही घेऊन कागदी मतपत्रिका देतात आणि ती वेगळ्या पाकिटात बंद होते. हे प्रदत्त मत. मतमोजणीच्या दिवशी ते मोजले जात नाही, त्याचा उपयोग होतो तो पुढे न्यायालयात. राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघात 2008 साली सी. पी. जोशी एका मताने हरले, 62,216 विरुद्ध 62,215. त्या निवडणुकीतल्या प्रदत्त मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘झालं ना मत तुमच्या नावावर, आता जा घरी’ असे म्हणून माणसाला परत पाठवणारा केंद्राध्यक्ष अशा वेळी पुरावाच नाहीसा करत असतो, आणि तो कोणाच्या बाजूचा आहे याने काही फरक पडत नाही.

गप्प बसणे म्हणजे तटस्थ राहणे, असा पुष्कळ कर्मचाऱ्यांचा समज असतो. 12 मे 2019 रोजी हरियाणातल्या फरीदाबाद मतदारसंघात असावटी गावच्या एका केंद्रावर एक मतदान प्रतिनिधी मतदान कक्षात जाऊन महिला मतदारांच्या मतदानात हस्तक्षेप करताना दिसला. चित्रफीत सर्वत्र पसरली. प्रतिनिधीला अटक झाली, पण तेवढ्यावर थांबले नाही. केंद्राध्यक्ष निलंबित झाला आणि 19 मे रोजी तिथे फेरमतदान घ्यावे लागले. खोलीतल्या त्या टेबलांवरून कोणी उठले नव्हते. कक्षात मतदाराखेरीज कोणी जायचे नाही. अंध किंवा अपंग मतदार स्वतः निवडलेला अठरा वर्षांवरचा सोबती नेऊ शकतो आणि त्या सोबत्याला दिवसभरात एकाच मतदारासाठी हे करता येते. आपल्याकडे हे उल्लंघन बहुधा प्रेमळ रूपात येते. आजी बटणाशी गोंधळते, बाहेरून आवाज येतो, ‘सर, दाखवा ना तिला जरा.’ दाखवायचे ते दाराशी, पुठ्ठ्याच्या नमुना यंत्रावर. कक्षात एक पाऊलही नाही.

संध्याकाळी सहाला रांगेत असलेल्यांना चिठ्ठ्या देतात, त्या शेवटच्या माणसापासून पुढे, म्हणजे मागे कोणी येऊन मिसळत नाही. त्यानंतर हिशोब. समजा मतदार नोंदवहीत, नमुना 17 ए मध्ये, शेवटचा क्रमांक 812 आहे. दोघांनी सही केल्यावर मत द्यायला नकार दिला आणि एकाने गुप्ततेचा भंग केल्याने त्याला मत देऊ दिले नाही. यंत्राने 809 दाखवायला हवे. 808 दिसले तर कोणीतरी बटण न दाबताच निघून गेला असण्याची शक्यता. 859 दिसले तर फरक नेमका पन्नासचा आहे आणि सकाळचे तिसरे बटण राहून गेले आहे.

थकलेल्या माणसाला या क्षणी मोह होतो तो आकडा जुळवण्याचा. तो आवरायचा असतो. नमुना 17 सी मध्ये फरक आहे तसा लिहायचा, डायरीत कारण नोंदवायचे, क्षेत्रीय अधिकाऱ्याला कळवायचे आणि 17 सी ची प्रत हजर प्रतिनिधींना सही घेऊन द्यायची. दुसऱ्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकारी निरीक्षकांसमोर हीच कागदपत्रे छानतात. मोजणीला ते यंत्र बाजूला ठेवतात. बाकीच्या केंद्रांची मोजणी होऊन विजयाचे अंतर चार हजार निघाले, तर त्या एका केंद्राच्या मतांनी निकाल फिरत नाही आणि ते यंत्र तसेच राहते. अंतर पाचशेच निघाले, तर त्या केंद्राच्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजतात. मॉक पोलच्या चिठ्ठ्या सकाळी काळ्या पाकिटात गेल्या असतील तर पेटीत त्या दिवशीचीच मते असतात आणि उत्तर मिळते. पण रात्री कोणी 859 पाहून नोंदवहीत पन्नास सह्या वाढवल्या असतील, किंवा 17 सी वर 809 लिहून दिले असेल, तर मोजणीच्या टेबलावर कागद आणि यंत्र यांपैकी कोणावरच विश्वास ठेवता येत नाही, आणि त्या केंद्राचे मतदान रद्द करून पुन्हा घ्यायची मागणी होते.